रंग एकसारखा, तरी नातं लांबचं? (बोगनव्हिल, नायजेरिया आणि आपण)

वैजू_सातरस्ता

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. प्रश्न घरातून आलाय.

धाकटा अकरावीत आहे. परवा जेवताना त्याने मोबाइलवर दोन माणसांचे फोटो समोर धरले आणि म्हणाला, "आई, हे दोघं कुठले सांग." दोघंही अगदी काळे, केस कुरळे, नाक रुंद. मी म्हटलं, आफ्रिका. तर एक होता नायजेरियाचा आणि दुसरा बोगनव्हिलचा. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला बेट आहे म्हणे. इथवर ठीक. पुढे म्हणतो, "हा बोगनव्हिलचा माणूस त्या नायजेरियनपेक्षा तुझ्या जास्त जवळचा आहे. तुझ्याच काय, एखाद्या जर्मन माणसाच्यासुद्धा."

मला पटलं नाही, पण खोडताही येईना. रोज शेकडो रक्तगट बघते मी. रंगावरून रक्तगट कळत नाही एवढं मला माहीत आहे. पण इतकं सारखं दिसणारी माणसं एकमेकांची लांबची कशी असतील? आणि "जवळचं, लांबचं" हे मोजतात तरी कसं? कुणी नीट समजावून सांगाल का?

भाऊ_पेठकर

ताई, मुलगा हुशार आहे, पण जरा गोंधळलाय. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ऊन. जिथे ऊन जास्त तिथे कातडी काळी. आपलं सोलापूरच घ्या, एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो, इथली माणसं काय गोरी राहणार? दुसरं, पूर्वी भारत, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया एकच खंड होता, गोंडवाना. खंड फुटला तशी माणसं विभागली. म्हणून आफ्रिका, दक्षिण भारत, अंदमान, ऑस्ट्रेलिया सगळीकडे काळी माणसं सापडतात. म्हणजे नातं आहेच.

अनुवंश_हैद्राबाद

भाऊ, उन्हाचं तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, गोंडवानाचं मात्र अजिबात जुळत नाही. भारत आफ्रिकेपासून सुटला त्याला दहा कोटी वर्षांहून जास्त काळ लोटलाय. तेव्हा जमिनीवर डायनोसॉर होते. आपल्यासारखा माणूस अस्तित्वात आला तोच मुळी गेल्या तीन लाख वर्षांत. खंड फुटताना त्यावर बसून कुणीच कुठे गेलं नाही.

उन्हाबद्दलही एक दुरुस्ती. रंगाचा संबंध पाऱ्याशी नाही, अतिनील किरणांशी आहे. ते किरण विषुववृत्ताजवळ बारा महिने जोरात असतात. तिथे उघडी कातडी फिकी असेल तर शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व नष्ट होतं आणि फोलेट कमी पडलं की गर्भाच्या मणक्यात दोष राहू शकतो. निना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली जगभरच्या किरणांचा नकाशा आणि कातडीचा रंग शेजारी शेजारी ठेवून हे मांडलं. नायजेरिया विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला, बोगनव्हिल जरा दक्षिणेला. दोघांच्या डोक्यावर ऊन तेच.

वैजूताई, तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. आज कामावर आहे, रात्री सविस्तर लिहितो. (मी मूळचा अशोक चौकातला, आजोबा मागावर होते. आता हैद्राबादला जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करतो.)

मंजिरी_कु

माझ्या घरातलाच प्रश्न आहे, म्हणून विचारते. मला दोन मुली. थोरली गोरी, धाकटी सावळी. आई-बाप तेच, दूध-भाकरी तीच. सासूबाई येता-जाता म्हणतात, "ही कुणावर गेली काय की." धाकटी आता नऊ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं. रंगावरून नातं ठरत नाही असं इथे म्हणताय, तर हे माझ्या सासूबाईंना कसं समजावू? की लहानपणी काही लावलं असतं तर फरक पडला असता?

वैजू_सातरस्ता

मंजिरी, लावायचं काही नाही गं. लेकीला उन्हातान्हात खेळू दे. विचारलंस ते बरं केलंस, मलाही ते ऐकायचंच आहे.

अनुवंश_हैद्राबाद

मंजिरीताईंपासूनच सुरू करतो, कारण त्यांच्या दोन मुलींत अख्ख्या धाग्याचं उत्तर आहे.

आपली जनुकीय माहिती म्हणजे साधारण तीन अब्ज अक्षरांची पोथी. दर माणसाकडे दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यात एसएलसी२४ए५ नावाचं एक जनुक आहे. त्याचं काम २००५ साली फिकट पट्ट्यांच्या झेब्रा माशावरून उलगडलं. या जनुकात एका ठरावीक जागी 'जी' अक्षर असलं तर रंग गडद राहतो, 'ए' असलं तर फिका होतो. युरोपात जवळपास सगळ्यांकडे 'ए' आहे. भारतात मिश्रण आहे, आणि समाजासमाजात प्रमाण खूप बदलतं. हैद्राबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या थंगराज यांच्या गटाने २०१३ साली यावर काम प्रसिद्ध केलं. दक्षिण भारतातल्या ज्या लोकांची कातडी त्यांनी मोजली, त्यांच्या रंगातल्या फरकाचा साधारण पाव हिस्सा या एका अक्षरामुळे होता.

आता समजा आई आणि वडील दोघांकडे एक 'ए' आणि एक 'जी' आहे. थोरलीच्या वाट्याला दोन्ही 'ए' आले, धाकटीच्या वाट्याला दोन्ही 'जी'. प्रत्येक मुलाच्या वेळी अशी शक्यता चारात एक असते. उरलेला फरक इतर जनुकांचा. तरीही या दोघी सख्ख्या बहिणी. अख्खी पोथी ताडून बघा, त्यांच्यात जेवढं जुळेल तेवढं शेजारच्या कुठल्याही गोऱ्या मुलीशी थोरलीचं जुळणार नाही. सासूबाईंना एवढंच सांगा की दोघीही आजीवरच गेल्यात, अर्धी-अर्धी वाटणी फक्त वेगळी झाली.

हेच आता जगाच्या नकाशावर मांडू. चार माणसं घ्या. लागोसचा नायजेरियन, बोगनव्हिलचा बेटकरी, टोकियोचा जपानी, म्युनिकचा जर्मन. याच जागेवर काय दिसतं? नायजेरियन 'जी', बेटकरी 'जी', जपानी 'जी', जर्मन 'ए'. हो, जपान्याकडेही गडद रंगाचंच अक्षर आहे. पूर्व आशियातल्या लोकांची कातडी फिकी झाली ती दुसऱ्या जनुकांतल्या बदलांनी. म्हणजे या एका अक्षरावरून वंशावळ काढली तर जपानी आणि नायजेरियन एका घरात आणि जर्मन बाहेर. असं कुणीच मानणार नाही. एका अक्षरावरून, किंवा पाच-पंचवीस रंगाच्या जनुकांवरून नातं काढायला गेलं की असं होतं. नातं काढायचं तर पोथीभर पसरलेली लाखो अक्षरं ताडावी लागतात, त्यातही जी ऊन, थंडी, रोगराई यांच्या तडाख्यात सापडलेली नाहीत अशी. ती ताडली की लागोसचा माणूस एका बाजूला आणि बोगनव्हिल, टोकियो, म्युनिक, सोलापूर दुसऱ्या बाजूला जातात.

कारण इतिहासात आहे. आफ्रिकेबाहेरच्या आपल्या सगळ्यांचे बहुतांश पूर्वज एकाच लहानशा टोळीतून आलेत. ती साधारण ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघाली. बाहेर पडल्यावर तिच्या फांद्या फुटल्या. एक पश्चिमेला युरोपकडे गेली, एक आपल्याकडे, एक पार पापुआकडे. बोगनव्हिलचा माणूस आणि जर्मन यांची फाटाफूट आफ्रिका सोडल्यानंतरची आहे. बोगनव्हिल आणि नायजेरिया यांची त्याच्या आधीची.

चादरवाला_अक्कलकोटरोड

सर, मी डाय हाऊस चालवतो. टॉवेलचं सूत रंगवतो. तुम्ही सांगितलेलं मला माझ्या भाषेत लगेच कळलं, म्हणून लिहितो.

माझ्याकडे काळ्या सुताच्या दोन लड्या टेबलावर ठेवल्या तर गिऱ्हाइकाला फरक सांगता येत नाही. पण एक असते सल्फर ब्लॅकची. ती सोडियम सल्फाइडमध्ये उकळायची, कुजक्या अंड्यासारखा वास, अख्खी गल्ली ओळखते. दुसरी व्हॅट ब्लॅकची, कॉस्टिक आणि हायड्रोसमध्ये. शेड तीच. ब्लिचिंगच्या पाण्याचा एक थेंब टाकला की सल्फरवाली तिथेच तपकिरी पडते, व्हॅटवाली टिकून राहते. आणि आतलं सूत कशाचं ते तर रंगावरून कळतच नाही. धागा ओढून काडीने पेटवायचा. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून गोळी होते. शेड बघून सूत ओळखणारा या धंद्यात लई फसतो बगा.

म्हणजे नायजेरियात एक डाय लागला आणि त्या बेटावर वेगळा डाय लागला, शेड योगायोगाने जुळली, असंच ना?

अनुवंश_हैद्राबाद

दादा, सुताचं उदाहरण इतकं चपखल आहे की मी ते इथे शिकवताना वापरणार. शेड वेगळी आणि सूत वेगळं, हे शंभर टक्के बरोबर.

पण "दोन वेगळे डाय" इथे मात्र थांबावं लागेल. बरीच वर्षं बरेच जण असंच समजत होते. मग २०१७ साली सारा टिशकॉफ यांच्या गटाने इथिओपिया, टांझानिया आणि बोट्स्वाना इथल्या लोकांच्या कातडीचा रंग मोजून जनुकं तपासली. त्यात एमएफएसडी१२ नावाच्या जनुकाजवळ गडद रंगाशी जोडलेले काही बदल सापडले. त्यातले काही बदल दक्षिण भारतीयांत आणि पापुआ-ऑस्ट्रेलियाकडच्या लोकांतही आहेत. तेच बदल, आसपासच्या अक्षरांसकट, म्हणजे एकाच जुन्या पूर्वजाकडून उतरलेले. बेटावर नवा डाय लागलाच नाही, निदान सगळा नाही. आफ्रिकेतून निघतानाच अंगावर होता तो जुना रंग त्यांनी टिकवला. ऊन तसंच राहिलं, त्यामुळे तो पुसायचं कारणही नव्हतं.

भाऊ_पेठकर

आता बघा! म्हणजे रंगाचं जनुक एकच, पूर्वज एकच. मग मी काय वेगळं म्हणत होतो? नातं आहेच की.

अनुवंश_हैद्राबाद

भाऊ, खरी मेख इथेच आहे, आणि तुमचा प्रश्न अगदी योग्य जागी आलाय. जरा सावकाश लिहितो.

एक भावकी डोळ्यापुढे आणा. मूळ पुरुषाचं आडनाव समजा पाटील. सात-आठ पिढ्यांपूर्वी भावकीच्या दोन शाखा झाल्या, एक अक्कलकोटकडे, एक बार्शीकडे. बार्शीच्या शाखेत आज दोन सख्खे भाऊ आहेत. थोरल्याने पाटील हेच आडनाव ठेवलं. धाकटा पुण्याला गेला आणि बार्शीकर लावायला लागला. अक्कलकोटची शाखा अजून पाटीलच लावते. आता बार्शीच्या थोरल्या पाटलाला जवळचा कोण? अक्कलकोटचा पाटील की स्वतःचा धाकटा भाऊ बार्शीकर?

आडनाव खरोखर एकाच मूळ पुरुषाचं आहे. त्यात काही खोटं नाही. पण ते फक्त एवढंच सांगतं की दोघांनी जुनी गोष्ट टाकली नाही. कोण कुणापासून कधी फुटला हे त्यावरून कळत नाही. ते कळायला फुटल्यानंतर ज्या नव्या गोष्टी दोघांच्यात मिळून आल्या, त्या बघाव्या लागतात. बोगनव्हिलचा माणूस म्हणजे पाटील आडनाव ठेवलेला थोरला भाऊ, जर्मन हा बार्शीकर आणि नायजेरियन अक्कलकोटचा पाटील.

नव्या गोष्टीचं एक उदाहरण देतो. आफ्रिकेबाहेर पडल्यावर त्या टोळीचा निअँडरथल या आता नामशेष झालेल्या माणसाशी संकर झाला. त्याचे तुकडे, सुमारे २ टक्के, आज जर्मन, जपानी, सोलापूरकर आणि बोगनव्हिलकर सगळ्यांत आहेत. पश्चिम आफ्रिकेत ते अगदी नगण्य. आणि पापुआकडच्या लोकांत त्यावर आणखी ३ ते ५ टक्के डेनिसोव्हन या दुसऱ्या नामशेष माणसाचा अंश आहे. २०१० साली सायबेरियातल्या एका गुहेतल्या बोटाच्या हाडावरून तो ओळखला गेला. नायजेरियन माणसात हा डेनिसोव्हन अंश नाही.

वैजू_सातरस्ता

भावकीचं उदाहरण वाचून डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे हुबेहूब असंच आहे, माझ्या दिरांनी आडनाव बदललंय.

आता माझ्या कामातलं विचारते. आमच्याकडे अँटिबॉडी ओळखायला पॅनेल सेल येतात, म्हणजे ज्यांचे गट आधीच माहीत आहेत अशा तांबड्या पेशी. त्यासोबतच्या कागदावर डफी या रक्तगटाचे रकाने असतात, डफी-ए आणि डफी-बी. आपल्याकडच्या माणसात दोन्हींपैकी निदान एक असतंच, माझ्या बावीस वर्षांत दोन्ही नसलेला रक्तदाता मला आठवत नाही. पण पॅनेलमध्ये एखादी पेशी दोन्ही उणे अशी येते. शिकताना आमच्या मॅडम म्हणायच्या, "ही आफ्रिकन दात्याची." मग बोगनव्हिलच्या माणसाचं रक्त माझ्या टेबलावर आलं तर डफी काय दिसेल?

अनुवंश_हैद्राबाद

ताई, याहून चांगली चाचणी नाही!

पश्चिम आफ्रिकेत जवळपास सगळी माणसं दोन्ही उणे. बोगनव्हिलच्या आसपासच्या बेटांवर बहुतेक सगळे डफी-ए अधिक. तुमच्या टेबलावर दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर अँटी-डफी-ए टाकल्यावर नायजेरियन नळीत काही होणार नाही आणि बोगनव्हिलच्या नळीत गुठळ्या दिसतील. आपल्याकडच्या बहुतेकांसारख्याच.

कारण हिवताप. व्हायवॅक्स जातीचा हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना डफीलाच पकडतो. आफ्रिकेत एका अक्षराच्या बदलाने तांबड्या पेशीवर डफी बनणंच बंद झालं, परजीवीला दार मिळेना आणि तो बदल पसरत गेला. (दार पूर्ण बंद होतं असं १९७६ पासून मानत होते. आता मादागास्करसारख्या ठिकाणी डफी नसलेल्यांनाही व्हायवॅक्स झालेला सापडलाय, तेव्हा ते तितकं पक्कं नाही.)

आता गंमत पुढेच आहे. १९९९ साली पापुआ न्यू गिनीत थोड्या लोकांत, तोही दोन प्रतींपैकी एकाच प्रतीवर, डफी बंद करणारा बदल सापडला. नेमका तोच बदल, आफ्रिकेतलाच. मग हे आफ्रिकेतून आलं का? नाही. आफ्रिकेतला बदल डफी-बी प्रकारच्या प्रतीवर बसलाय, पापुआतला डफी-ए प्रकारच्या प्रतीवर. म्हणजे अक्षर तेच, पण आजूबाजूची ओळ वेगळी. व्हायवॅक्स दोन्हीकडे होता, म्हणून एकच चूक दोनदा उपयोगी पडली. चादरवाले दादा, तुमचं "वेगळा डाय, शेड तीच" इथे मात्र तंतोतंत लागू होतं.

भाऊ_पेठकर

डफीचं पटलं. पण मग विदर्भातल्या आदिवासींत सिकलसेल आहे आणि आफ्रिकेतही आहे, त्याचं काय? आमच्या मेहुण्यांची बदली तिकडे होती, ते सांगायचे की हा रोग आफ्रिकेतून आला. आणि अंदमानचे जारवा? त्यांचे फोटो बघा. ते तर थेट आफ्रिकनच दिसतात.

अनुवंश_हैद्राबाद

सिकलसेलबाबत मी ठाम बोलणार नाही. रोगाचं अक्षर दोन्हीकडे तेच. पण आपल्याकडच्या रुग्णांत त्याच्या आजूबाजूची ओळ आफ्रिकेतल्या ओळींहून वेगळी आहे, म्हणून तो बदल इथे किंवा अरबस्तानाकडे स्वतंत्र झाला असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०१८ साली संपूर्ण पोथ्या वाचून काहींनी उलट मांडलं की बदल एकदाच, आफ्रिकेत, काही हजार वर्षांपूर्वी झाला आणि पसरला. यावर वाद चालू आहे. पण तुमच्या मेहुण्यांचं बरोबर ठरलं तरी त्याचा अर्थ एवढाच की एक उपयोगी तुकडा प्रवास करत आला. त्याने विदर्भातला गोंड आणि नायजेरियन जवळचे नातेवाईक होत नाहीत.

जारव्यांचं मात्र नीट माहीत आहे. थंगराज आणि लालजी सिंह यांनी २००५ साली ओंगे आणि ग्रेट अंदमानी या तिथल्याच जमातींच्या आईकडून येणाऱ्या वंशरेषा वाचल्या. त्या 'एम' नावाच्या फांदीवर बसतात, आणि ती फांदी आफ्रिकेबाहेर आशियाभर पसरलेली आहे, भारतात तर खूपच. बाकीची पोथी वाचल्यावर जारवा आणि ओंगे हे आशियातल्या लोकांच्या बाजूलाच येतात. इंग्रजांच्या काळात त्यांना 'निग्रिटो' म्हणून नोंदवलं ते फक्त रंग, केस आणि उंची बघून.

रानवाटा

मी इतके दिवस नुसता वाचत होतो. नोकरीमुळे काही वर्षं यल्लापूर-हल्याळ भागात होतो, कारवार जिल्ह्यात. तिथे सिद्दी लोकांची वस्ती आहे. घरात कोकणी बोलतात, आपलं मराठी सहज समजतं. एका घरी माझं जाणं-येणं होतं. त्यातला थोरला मुलगा बसमधून जाताना लोक त्याच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलायचे, "व्हिसा कधीचा आहे?" विचारायचे. तो कोकणीतून शांतपणे म्हणायचा, "माझा आजा इथेच मेला, पणजा इथेच मेला." एकदा मी सोबत होतो, मला खाली बघावं लागलं.

हे लोक तरी आफ्रिकेतले ना? की तेही नाही?

अनुवंश_हैद्राबाद

ते आहेत, आणि तेही रंगावरून नव्हे तर पोथीवरून सिद्ध झालंय. २०११ साली कर्नाटक आणि गुजरातच्या सिद्दींवर काम झालं. त्यांचा निम्म्याहून बराच जास्त अंश आफ्रिकेतल्या बांटू भाषिकांशी जुळतो, उरलेला बहुतांश भारतीय आणि थोडा युरोपीय, म्हणजे पोर्तुगीज व्यापाराची खूण. भारतीयांशी मिसळण त्यांच्यात अगदी अलीकडची, काहीशे वर्षांतली. डफी बंद करणारा आफ्रिकेतला बदलही त्यांच्यात सापडतो.

दख्खनला हे नवीन नाही. मलिक अंबर मूळचा हबशी, इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला. भातवडीची लढाई १६२४ ची, त्यानंतर त्याने आपला सोलापूरचा किल्लाही घेतला होता. म्हणजे भुईकोटाच्या भिंतीआड चारशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली माणसं होती, आणि त्याच भिंतीआड तेवढीच काळी दख्खनी माणसंही होती. शेजारी उभं केलं तर रंग जुळेल. वंशावळीत मात्र दख्खनी शिपाई हबशी सरदारापेक्षा म्युनिकच्या जर्मनाला जवळचा.

चादरवाला_अक्कलकोटरोड

सर, एक राहिलं. त्या बेटांवर सोनेरी केसांची काळी पोरं असतात असं पोरीने मला दाखवलं. तिथे गोरे लोक राहून गेले असणार, म्हणून ते केस असतील, असं मी तिला सांगून बसलो.

अनुवंश_हैद्राबाद

सॉलोमन बेटं. बोगनव्हिलच्या शेजारीच. तिथे शंभरात पाच-दहा जणांचे केस सोनेरी असतात. दादा, तुम्ही म्हणालात तसंच पुष्कळांना वाटत होतं, गोऱ्या खलाशांचा वारसा म्हणून. काहींना वाटायचं की मासे खाल्ल्याने किंवा समुद्राच्या उन्हाने. २०१२ साली उत्तर मिळालं. टीवायआरपी१ नावाच्या जनुकात एक अक्षर बदललंय आणि दोन्ही प्रतींवर तो बदल आला की केस सोनेरी होतात. युरोपातल्या सोनेरी केसांच्या माणसांत हा बदल नाही. त्यांचे केस दुसऱ्या कारणांनी सोनेरी आहेत. म्हणजे ज्या रंगाने ती मुलं जर्मन मुलांसारखी दिसतात तो रंग बेटावरच तयार झालेला, आणि ज्या कातडीच्या रंगाने ती आफ्रिकन दिसतात तो जुना टिकलेला. दोन्हींवरून अंदाज बांधला तर दोन्हीकडे चूक.

मंजिरी_कु

सर, सासूबाईंना आडनावाचं उदाहरण सांगितलं. त्यांचं माहेर बार्शीचंच आहे. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग धाकटीला जवळ बोलावलं आणि तिचे पाय बघत म्हणाल्या, "बोटं माझ्या आईची आहेत." पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे तिचं. एवढंच सांगायचं होतं.

भाऊ_पेठकर

माझी एक शंका अजून शिल्लक आहे. ऊन हेच कारण तर ॲमेझॉनच्या जंगलातले लोक नायजेरियनांइतके काळे का नाहीत? तेही विषुववृत्तावरच राहतात.

अनुवंश_हैद्राबाद

खरा प्रश्न आहे भाऊ. एक उत्तर असं की ते तिथे अलीकडे पोचले, १५ हजार वर्षांच्या आसपास, आणि आले ते पूर्व आशिया-सायबेरियाकडून, म्हणजे काही प्रमाणात फिके होऊनच. जुना रंग टिकवणं सोपं, पुसलेला परत आणायला वेळ लागतो. जंगलाची दाट सावली, कपडे, हे मुद्देही मांडतात. उलट बाजूला टास्मानियातले मूळ लोक घ्या. ते ४० अंश दक्षिणेला हजारो वर्षं राहूनही गडदच राहिले. उन्हाचा नकाशा एकूण चित्र सांगतो, प्रत्येक घराचं नाही. दक्षिण भारतात आपल्यापैकी कुणाचा रंग जुना टिकलेला आणि कुणाचा परत गडद झालेला, हे माझ्या मते अजून सुटलेलं नाही.

वैजू_सातरस्ता

काल पॅनेलचा कागद मुद्दाम घरी आणला. जुन्या लॉटचा होता, टाकूनच द्यायचा. मुलाला दाखवला. अकरा पेशी, तिसऱ्या पेशीला डफीचे दोन्ही रकाने शून्य. मग एक कागद घेऊन त्याने चार माणसांचे रकाने आखले, लागोस, बोगनव्हिल, टोकियो, म्युनिक. रंगाचा रकाना, डफीचा, निअँडरथलचा, डेनिसोव्हनचा. रंगाच्या रकान्यात पहिले दोघं एकत्र आले, बाकी सगळ्यांत लागोस एकटा किंवा बोगनव्हिल एकटं. "आई, तू परवा फक्त पहिला रकाना वाचलास," म्हणाला.

रानवाटा, तुमचं वाचून एक मनात आलं. डफीच्या दोन्ही अँटिबॉडी असलेला रुग्ण आला तर दोन्ही उणे रक्त आपल्याकडे मिळणं फार अवघड. सिद्दी वस्तीत शिबिर घेतलं तर असे दाते सापडतील का? आमच्या डॉक्टरांना विचारणार आहे.

रानवाटा

जरूर विचारा ताई. पण तिथे जाऊन "तुम्ही आफ्रिकन म्हणून तुमचं रक्त हवं" असं कुणी म्हणू नये, एवढी विनंती.

अनुवंश_हैद्राबाद

रानवाटांना अनुमोदन. शिबिर सगळ्या गावाचं घ्या. ज्यांची इच्छा असेल त्या प्रत्येकाची डफी तपासा, चेहरा बघून नको. तिथल्या सिद्दींत काहींना डफी असणार, कारण ते मिसळलेले आहेत. आणि एखाद्या सिद्दी नसलेल्या शेजाऱ्यालाही नसू शकेल.

वैजू_सातरस्ता

बरोबर. अँटी-डफी-ए आणि अँटी-डफी-बी दोन्ही सिरम महाग असतात, सरसकट कुणी करत नाही. एका शिबिरापुरत्या किती कुप्या लागतील त्याचा हिशेब करून सोमवारी डॉक्टरांपुढे ठेवते. काय ठरतं ते इथेच लिहीन.